खाज थांबली, ट्यूब संपली अन् महिन्यात गजकर्ण परत! पावसाळ्यात जांघेतली बुरशी का जात नाही?

कोल्हापूर : राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांत रोप लावणीचे दिवस म्हणजे सकाळी अंगावर चढलेले कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच. वरून पाऊस, खालून चिखल, आत घाम. या दिवसांत गावच्या मेडिकलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खाजेची ट्यूब द्या." कुठं खाजतंय हे कोणी सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. जांघेत, काखेत, कंबरेला नाडीच्या जागी, बायकांना छातीखालच्या घडीत, असा गोल लालसर चट्टा उठलेला असतो. कडा उंच, खडबडीत, पापुद्रे सुटलेल्या. मधला भाग त्यामानानं साफ. यालाच आपल्याकडं गजकर्ण किंवा नायटा म्हणतात.

ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत खाज थांबते. आठवड्याभरात चट्टा फिका पडतो, ट्यूब संपते, माणूस विसरून जातो. महिन्यानं त्याच जागी खाज सुरू. मग "पुन्हा झालं" असं म्हणत दुसरी ट्यूब. खरं तर बहुतेक वेळा ते पुन्हा झालेलं नसतं, पहिलंच गेलेलं नसतं.

गोल का दिसतं?

गजकर्ण हा किडा नाही, रक्त बिघडल्याचं लक्षणही नाही. ती बुरशी आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. केस, नखं ज्या पदार्थाची बनतात त्याच केराटिन नावाच्या पदार्थानं हा थर भरलेला असतो, आणि या बुरशीचं खाद्य नेमकं तेच. ती साधारणपणे रक्तात उतरत नाही, आतल्या अवयवांत जात नाही. वरच्या थरातच चरत राहते.

चरत चरत ती एका ठिपक्यापासून चारी बाजूंना सारखी पसरते. मागं राहिलेल्या भागात शरीराचा प्रतिकार तिला बऱ्यापैकी हटवतो, म्हणून मध्ये साफ दिसतं. कडेला मात्र ताजी बुरशी पुढं सरकत असते. म्हणजे लाल, उंच, खाजणारी कड हीच तिची खरी आघाडी. आणि त्या कडेच्याही पुढं, जिथं कातडी अजून चांगली दिसते, तिथं ती आधीच पोचलेली असते. मलम लावताना हे लक्षात ठेवायचं, कारण बहुतेक जण नेमकं लाल दिसतंय तेवढंच चोळतात.

जांघ, काख, छातीखाली हेच का? तिथं कातडीला कातडी चिकटलेली असते, वारा लागत नाही, घाम वाळत नाही. ओलाव्यानं वरचा थर भिजून मऊ पडतो आणि घासून सोलवटतो. बुरशीला याहून चांगलं वाफ्यातलं रान दुसरं मिळणार नाही.

ट्यूबमध्ये काय आहे?

दुकानातून "खाजेची ट्यूब" म्हणून जे मिळतं, त्यात बऱ्याचदा एक नाही, तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक-दोन जंतूंचं आणि एक स्टिरॉईड. गोची या शेवटच्यात आहे.

खाज, लाली, सूज ही बुरशी करत नाही, बुरशीविरुद्ध आपलं शरीर करतं. स्टिरॉईड शरीराची ही प्रतिक्रिया दाबतं, म्हणून दोन दिवसांत आराम वाटतो. घरात चोर शिरलाय आणि आपण कुत्र्याचं तोंड बांधलं, असला हा प्रकार. भुंकणं थांबलं, चोर आतच. उलट आता त्याला अडवणारं कोणी नाही. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असलं तरी आठ दिवसांच्या लावण्यात ते पुरं पडत नाही.

अशा ट्यूब महिनोन्महिने लावल्या की चट्ट्याचं रूपच बदलतं. नीट गोल दिसत नाही, कड पुसट होते, कधी एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसतं. मग डॉक्टरलाही पहिल्या नजरेत ओळखणं अवघड जातं. जांघेची कातडी मुळातच पातळ, त्यात घडीमुळं औषध जास्त मुरतं. त्यामुळं तिथं कातडी आणखी पातळ होऊन पांढरट-जांभळट चिरा पडतात, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा. गजकर्ण बरं होतं, पण या चिरा पुरत्या जात नाहीत.

ट्यूबवरचं नाव वाचून काही अंदाज येतो. नावाच्या शेवटी "झोल" असेल, म्हणजे क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, तर ते बुरशीचं औषध. टर्बिनाफिनही बुरशीचंच. शेवटी "सोन" असेल, म्हणजे बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, तर ते स्टिरॉईड. क्लोबेटासोल हे नाव "सोन"नं संपत नाही, पण ते यांतलं सगळ्यात कडक स्टिरॉईड आहे. ते "झोल" समजून फसू नका. आणि कंपनीनं दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून काही कळत नाही. खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचायचे. बारीक अक्षरं दिसत नसतील तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा, किंवा दुकानदाराला सरळ विचारा, "यात स्टिरॉईड आहे का?" स्टिरॉईडची अनेक मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा नियम आहे. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर मिळते.

एका ट्यूबचा हिशोब

आता समजा स्टिरॉईड नसलेली, नुसत्या क्लोट्रिमॅझोलची ट्यूब आणली. तरी का बरं होत नाही? इथं हिशोब करून बघावा लागतो.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला हे एक पेरभर मलम पुरतं. तळहात ज्याचा त्याचा मोजायचा.

पन्नाशीच्या आतल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण घेऊ. उजव्या जांघेत तळहाताएवढा चट्टा, डावीकडं त्याच्या निम्मा, आणि मागं कंबरेखाली एक छोटा. दिसताना सगळं मिळून दोन तळहात. पण बुरशी कडेच्या पुढं गेलेली असते, म्हणून चट्ट्याभोवती दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका बोटाच्या रुंदीहून थोडी जास्त, चांगली दिसणारी कातडीही धरायची. असं धरलं की जागा चार तळहातांच्या आसपास जाते. म्हणजे एका वेळी दोन पेरं, एक ग्रॅम. क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा लावायचं, म्हणजे रोज दोन ग्रॅम.

आता दिवस. कातडीचा वरचा थर गळून नवा यायला चारेक आठवडे लागतात. चट्टा दिसेनासा व्हायला तीन-चार आठवडे आणि तो दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे, असा धरून चाला सहा आठवडे. 42 दिवस गुणिले दोन ग्रॅम, 84 ग्रॅम. पंधरा ग्रॅमच्या जवळजवळ सहा ट्यूब! आणि त्यानं आणली होती एक. ती नीट लावली असती तर आठवडाभर पुरली असती. त्यानं वाटाण्याएवढं घेऊन लाल कडेवर चोळलं, म्हणून ती पंधरा-वीस दिवस गेली. औषध वाईट नव्हतं, ते जागेला पुरलं नाही आणि दिवसांनाही पुरलं नाही.

म्हणून डॉक्टरकडं गेल्यावर "किती ट्यूब लागतील?" हे आधीच विचारून घ्या. तीस ग्रॅमची मोठी ट्यूब मिळत असेल तर ती घ्यावी. ल्युलिकोनॅझोलसारखी काही औषधं दिवसातून एकदाच लावायची असतात, त्यात मलम निम्मंच लागतं. ते परवडतं का, याचा हिशोब प्रत्येकानं आपला करावा.

लावायची रीत साधी आहे. अंघोळ करून जागा पूर्ण कोरडी करायची. घासून पुसायचं नाही, पंचा टेकवून टिपायचं. पाचेक मिनिटं वारा लागू द्यायचा. मग बाहेरच्या चांगल्या कातडीपासून सुरुवात करून आत यायचं, म्हणजे बुरशी बाहेर ओढली जात नाही. पातळ थर पुरे, पांढरा लेप नको. लेपानं घडी आणखी भिजते. हात साबणानं धुवायचे. ओल्या अंगावर लावलेलं मलम घामाबरोबर कपड्याला जातं, त्यामुळं शेतातून आल्या आल्या, अंघोळीआधी लावून काही उपयोग नाही.

थांबायचं कधी?

खाज थांबली म्हणजे संपलं नाही, हे आता कळलंच असेल. मग कशावरून ओळखायचं? डोळे मिटून चट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवा. कड हाताला लागते, खरखर जाणवते, म्हणजे बुरशी जिवंत आहे. कड सपाट झाली, पापुद्रे गेले, नुसता काळपट डाग राहिला, तर बुरशी दिसेनाशी झाली. त्या दिवसापासून पुढं दोन आठवडे मोजायचे. दर रविवारी एकाच उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर कमी होतंय की पसरतंय हे स्पष्ट दिसतं.

काळपट डाग मात्र कित्येक आठवडे, कधी काही महिने राहतो. तो डाग घालवायला कुठलंही मलम लावू नका. बरेच जण इथंच पुन्हा स्टिरॉईडच्या ट्यूबकडं वळतात.

ज्यांनी आधी स्टिरॉईडची ट्यूब लावलेली आहे, त्यांची ती बंद केल्यावर खाज आठ-पंधरा दिवस उलट वाढू शकते. नव्या औषधानं वाढलं असं वाटतं, पण दबलेली प्रतिक्रिया परत आलेली असते. बरेच महिने लावली असेल तर स्वतःच्या मनानं काही करण्यापेक्षा डॉक्टरला दाखवलेलं बरं.

करगोटा, परकराची नाडी आणि एकच पंचा

औषध बरोबर, दिवस बरोबर, तरी परत आलं, तर घरात बघायला हवं. झडलेल्या पापुद्र्यांमध्ये बुरशी असते आणि ती कपड्यांत, अंथरुणात बराच काळ टिकते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कंबरेचा करगोटा. तो कधीच वाळत नाही, धुतला जात नाही आणि नेमका चट्ट्यावर बसतो. गजकर्ण असेपर्यंत तो काढून ठेवावा. काढायचाच नसेल तर निदान जुना टाकून नवा बांधावा आणि रोज अंघोळीनंतर कोरडा करावा. बायकांच्या परकराची नाडी तशीच. रोज एकाच जागी करकचून बांधली जाते आणि लावणीत दिवसभर ओली राहते. नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घेतला, किंवा बांधायची जागा वर-खाली केली, तरी फरक पडतो.

घरात एकच पंचा चारजण वापरत असतील तर एकाचा उपचार करून काही साधत नाही. पंचा, निकर, बनियन, चादर ज्याची त्याची वेगळी. घरात आणखी कोणाला खाज आहे का, हे लाज बाजूला ठेवून विचारा. सून सासूला सांगत नाही, पोरगा बापाला सांगत नाही आणि गजकर्ण घरभर फिरतं. ज्यांना आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा.

कपडे कोमट पाण्यात खंगाळून बुरशी मरेलच असं नाही. पाणी साठ अंश तरी हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कडक. चुलीवरचं कडकडीत पाणी बादलीत ओतून आतले कपडे अर्धा तास बुडवून ठेवले की काम होतं. मग उलटे करून उन्हात. आषाढात ऊन कुठून आणायचं, हा प्रश्न खराच आहे. त्या दिवसांत कपडे चुलीच्या उबेला पूर्ण वाळवा आणि शिवणीवर आतल्या बाजूनं कडक इस्त्री फिरवा. दमट निकर अंगावर घालून "अंगावर वाळेल" म्हणणं, ही जांघेतल्या गजकर्णाला दिलेली सोय आहे. घट्ट जीन्स आणि नायलॉनची निकर या दोन-तीन महिन्यांपुरती बाजूला ठेवा, सुती आणि सैल घाला.

पायाकडंही बघा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, त्यातही बुरशी असू शकते. निकर घालताना ती पायावरून वर जाते आणि थेट जांघेत पोचते. पायाच्या बेचक्याही डॉक्टरला दाखवा; तिथं बुरशी असेल तर जांघेचा आणि पायाचा उपचार एकदमच करावा लागतो. निकर घालण्याआधी पाय कोरडे करून मोजे घालणं ही गंमत वाटते, पण उपयोगी आहे. नख पिवळट, जाड, भुसभुशीत झालं असेल तर तेही डॉक्टरला दाखवा. नखातली बुरशी नुसत्या मलमानं सहसा जात नाही.

जंतुनाशक साबण, डेटॉलचं पाणी, दिवसातून चारदा धुणं यानं बुरशी मरत नाही, कातडी तेवढी सोलवटते. लसूण वाटून बांधणं, रॉकेल, बॅटरीचं पाणी हे प्रकार तर जांघेत फोड आणतात. भाजलेल्या जागेवर मग जंतूंचा पू होतो आणि एकाचे दोन आजार होतात. पावडर घाम टिपते, ती औषध नाही; जास्त टाकली की घडीत तिच्या गुठळ्या होऊन घासतं.

औषध नीट लावूनही जात नसेल तर

पंधरा-वीस वर्षांपूर्वी साध्या मलमानं लवकर बरं होणारं गजकर्ण हल्ली चिवट झालंय, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. ते खरं आहे. भारतात सध्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी मोठ्या प्रमाणावर आढळते. 2020 साली तिला हे नाव मिळालं, त्यातलं "इंडो" आपल्या देशावरूनच. हिच्यातल्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. हे औषध बुरशीतल्या ज्या एका प्रथिनाला धरतं, त्याचाच आकार तिनं बदलून घेतलाय. 2023 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमध्येही अशा रुग्णांची नोंद झाली. स्टिरॉईड मिसळलेल्या ट्यूबांचा अर्धवट वापर हे ती फोफावण्यामागचं एक कारण मानलं जातं.

म्हणून नीट मोजून लावूनही तीन आठवड्यांत कड उतरत नसेल, चट्टे अंगभर पसरत असतील, चेहऱ्यावर किंवा डोक्यात असतील, तर ट्यूब बदलत बसू नका. अशा वेळी पोटातून गोळ्या लागतात. त्या कुठल्या आणि किती आठवडे, हे डॉक्टरनंच ठरवायचं. बहुतेकदा त्या काही आठवडे सलग घ्याव्या लागतात. मेडिकलमधून आणलेल्या आठवड्याला एक अशा दोन-तीन गोळ्यांनी हे काम होत नाही. गरोदर बायका, लिव्हरचा किंवा हृदयाचा आजार असलेले, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले यांनी तर या गोळ्या स्वतःहून अजिबात घेऊ नयेत. यातल्या काही गोळ्यांचं बाकीच्या औषधांशी जमत नाही. वारंवार होत असेल तर एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या. शुगर वाढलेली असली की घडीतली बुरशी हटता हटत नाही.

घडीतला प्रत्येक लाल चट्टा गजकर्ण असतोच असं नाही. छातीखाली किंवा जांघेत ओलं, लालभडक, कच्च्या मांसासारखं दिसत असेल आणि आजूबाजूला बारीक पुटकुळ्या असतील, तर ती दुसऱ्या जातीची बुरशी असू शकते. तपकिरी, सपाट, फारशी न खाजणारा डाग जंतूंचाही असतो. आणि चट्टा खाजत नसेल, तिथं टोचलेलं किंवा गरम-गार कळत नसेल, तर तो गजकर्ण समजून मलम लावत राहू नका. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथं तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

नक्की काय आहे हे ठरवायची तपासणी सोपी आहे. चट्ट्याच्या कडेचे पापुद्रे खरवडून काचेवर घेतात, त्यावर एका क्षाराचं पाणी टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते बघतात. सुई नाही, रक्त नाही. त्वचारोग विभाग असलेल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, कोल्हापुरात सीपीआरला, ही सोय असते. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अगदी रिकाम्या झालेल्याही, पिशवीत घालून घेऊन जा. आणि मलम चालू असताना धागे कधी कधी दिसत नाहीत, म्हणून शेवटचं कधी लावलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.